तेरीज जुळल्यानंतर सापडलेल्या चुका आणि त्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी

प्रश्न: «मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे हिशोब लिहिते. तेरीज जुळली, पण अंतिम खाती करताना काही चुका सापडल्या. सस्पेन्स खाते उघडलेलेच नाही, मग दुरुस्तीच्या नोंदी कशा करायच्या? आणि ज्या दोन चुका एकमेकींची भरपाई करतात, त्या तशाच सोडल्या तर काय बिघडते?»

तुमच्या अडचणीचे मूळ सस्पेन्स खात्यात नसून, सापडलेल्या प्रत्येक चुकीने तेरजेच्या दोन्ही बाजूंवर काय परिणाम केला, या प्रश्नात आहे. तेरीज फक्त नावे बाजूची बेरीज आणि जमा बाजूची बेरीज सारखी आहे एवढेच सांगते. रक्कम योग्य खात्यात गेली का, हे तिला कळत नाही, आणि एका खात्यात कमी व दुसऱ्या खात्यात तितकीच जास्त रक्कम गेली असेल तर तेही तिला कळत नाही. म्हणून चूक हाती आली की मी आधी एकच गोष्ट तपासतो: ही चूक एकटीच झाली असती, तर तेरीज जुळली असती का? उत्तर «होय» असेल तर चूक दोन्ही बाजूंनी पूर्ण आहे, आणि तिची दुरुस्ती संबंधित खात्यांमध्येच होते. उत्तर «नाही» असेल तर ती एकतर्फी आहे, आणि तरीही तेरीज जुळली याचा अर्थ वह्यांमध्ये तिची जोडीदार चूक निश्चितपणे कुठेतरी बसलेली आहे.

पुढील उत्तर काही गोष्टींवर अवलंबून राहील. वह्या हाताने लिहिलेल्या आहेत की सॉफ्टवेअरमध्ये, चूक नफा-तोटा खाते बंद होण्यापूर्वी सापडली की नंतर, आणि व्यवसाय एकल मालकीचा आहे की कंपनी, यांनुसार नोंदीचे रूप बदलते. तुमचे वर्कशॉप एकल मालकीचे आहे, वह्या हाताने लिहिल्या जातात आणि नफा-तोटा खाते अजून बंद झालेले नाही, असे धरून मी एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. आकडे सोपे ठेवले आहेत आणि सर्व रकमा जीएसटी वगळून आहेत. घसारा सरळ रेषा पद्धतीने दरसाल 10 टक्के, वर्ष 31 मार्च 2025 रोजी संपणारे, आणि कच्च्या हिशोबातला निव्वळ नफा 4,10,000 रुपये.

तत्त्वाच्या चुकीपासून सुरुवात करू, कारण ती तुलनेने सरळ आहे. वर्कशॉपने 1 ऑक्टोबर 2024 रोजी 2,40,000 रुपयांचे ड्रिलिंग यंत्र घेतले आणि त्याच दिवशी ते चालू झाले. यंत्राची किंमत यंत्रसामग्री खात्यात बरोबर गेली. मात्र यंत्र आणण्याचे 6,000 रुपये गाडीभाडे खात्यात आणि पाया घालून यंत्र बसवण्याच्या मजुरीचे 18,000 रुपये मजुरी खात्यात लिहिले गेले. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते, कारण मजुराला दिलेले पैसे मजुरी आणि टेम्पोवाल्याला दिलेले पैसे गाडीभाडे, असेच रोज लिहिण्याची सवय असते. पण यंत्र वापरण्याजोगे होईपर्यंत ते जागेवर आणण्यासाठी व बसवण्यासाठी जो खर्च होतो तो यंत्राच्या किमतीचाच भाग असतो, आणि लेखा मानक 10 हेच सांगते. नावे बाजूला 24,000 रुपये गेलेच आहेत, फक्त चुकीच्या खात्यांत गेले आहेत. म्हणून तेरीज अबाधित राहिली, आणि सस्पेन्स खात्याचा येथे काहीही संबंध येत नाही. नोंद अशी होईल:

यंत्रसामग्री खाते नावे 24,000
  मजुरी खात्याला 18,000
  गाडीभाडे खात्याला 6,000
(ड्रिलिंग यंत्र आणण्याचा व बसवण्याचा खर्च महसुली खात्यांत गेला होता तो भांडवली खात्यात वर्ग केला.)

पुष्कळ जण येथे थांबतात, आणि हे थांबणे मला खटकते. यंत्राची किंमत 24,000 ने वाढली की त्या वाढीव रकमेवरचा घसाराही आकारावा लागतो. सहा महिन्यांचा घसारा 1,200 रुपये होतो, तेव्हा घसारा खाते नावे आणि यंत्रसामग्री खाते जमा अशी 1,200 रुपयांची दुसरी नोंद पहिलीला लागूनच करावी. तत्त्वाची चूक क्वचितच एका नोंदीत संपते, कारण भांडवली आणि महसुली यांच्यातली सीमा ओलांडली की घसाऱ्याचा आकडाही हलतो. वर्कशॉपमध्ये आणखी एक ठिकाण पाहावे लागते: अर्धवट कामाच्या शिल्लक मालाचे मूल्य काढताना मजुरीचा हिस्सा धरला असेल, तर त्या मजुरीतून 18,000 वजा झाल्यावर शिल्लक मालाचे मूल्यही पुन्हा काढावे लागेल. या उदाहरणात मी ते धरलेले नाही, पण तुमच्या वर्कशॉपमध्ये ते धरले जात असेल तर विसरू नका.

उलट दिशेची चूकही याच हिशोबात आहे. 1 जुलै 2024 रोजी जुन्या लेथचे बेअरिंग आणि पट्टे बदलण्याचे 9,000 रुपये यंत्रसामग्री खात्यात लिहिले गेले. बदललेल्या भागांमुळे लेथ पूर्वीइतकेच काम करू लागले, क्षमता किंवा आयुष्य मूळ अपेक्षेपेक्षा वाढले नाही, म्हणून हा दुरुस्तीचा खर्च आहे. या निर्णयात मात्र थोडा विवेक लागतो. त्याच लेथला नवी मोटर बसवून त्याची उत्पादनक्षमता वाढवली असती, तर तोच खर्च भांडवली ठरला असता. बिलावर «स्पेअर पार्ट» लिहिले आहे की «मशिनरी» लिहिले आहे, यावर निर्णय घेऊ नका. कारागिराला विचारा की काम झाल्यावर यंत्र पूर्वीपेक्षा अधिक काय करू लागले. नोंद दुरुस्ती खाते नावे 9,000 आणि यंत्रसामग्री खाते जमा 9,000 अशी होईल, आणि या रकमेवर नऊ महिन्यांचा जो 675 रुपये घसारा आकारला गेला होता तो यंत्रसामग्री खाते नावे, घसारा खाते जमा करून परत फिरवावा लागेल.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे भरपाईच्या चुकीकडे वळतो, आणि येथे जरा सावकाश जाऊ, कारण माझ्याकडे शिकायला येणारी मुले सर्वांत जास्त येथेच गोंधळतात.

समजा, हालोलच्या एका ग्राहकाला शिल्लक पुष्टीचे पत्र पाठवले आणि त्याने कळवले की अमुक बिल 11,600 रुपयांचे असताना तुमच्या यादीत 16,100 दिसते. वह्या उघडल्यावर आढळले की विक्री पुस्तकात 11,600 बरोबर लिहिलेले आहेत, विक्री पुस्तकाची बेरीजही बरोबर आहे आणि विक्री खात्यात ती बेरीज तशीच जमा झाली आहे. खतावणी करताना मात्र ग्राहकाच्या खात्यात आकडे उलटे पडून 16,100 रुपये नावे पडले. ग्राहकाच्या खात्यात 4,500 रुपये जास्त नावे पडले आणि दुसऱ्या बाजूला काहीच चुकले नाही. ही एकतर्फी चूक आहे. ती एकटीच असती तर नावे बाजू 4,500 ने जड झाली असती आणि तेरीज जुळली नसती.

या क्षणी सर्वांत घातक मोह असा होतो की ग्राहकाचे खाते जमा करून विक्री खाते नावे टाकावे. विक्रीच्या बिलात चूक झाली म्हणून विक्री कमी करावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय दोन्ही बाजू सारख्या होतात आणि तेरीज जुळलेलीच राहते. पण विक्री खाते मुळात बरोबर होते. ते बिघडवून तुम्ही जोडीदार चूक शोधण्याची वाट स्वतःच बंद करता, आणि विक्रीचा आकडा जीएसटीच्या विवरणपत्रांत दाखवलेल्या उलाढालीपेक्षा 4,500 रुपयांनी कमी होतो. त्यामुळे माझ्या कार्यालयात नियम असा आहे की जे खाते चुकलेले सिद्ध झालेले नाही, त्याला दुरुस्तीच्या नोंदीत हात लावायचा नाही.

बरोबर मार्ग असा की जोडीदार सापडेपर्यंत सस्पेन्स खाते उघडावे, जरी तेरीज जुळलेली असली तरी:

सस्पेन्स खाते नावे 4,500
  ग्राहकाच्या खात्याला 4,500
(विक्रीचे बिल 11,600 असताना खतावणीत 16,100 नावे पडले होते, ते दुरुस्त केले.)

आता सस्पेन्स खात्यावर 4,500 रुपयांची नावे शिल्लक उभी राहिली. ही शिल्लक तुम्हाला काय शोधायचे ते सांगते. ग्राहकाचे खाते सुधारल्यावर, सस्पेन्स सोडून उरलेल्या खात्यांमध्ये नावे बाजू जमा बाजूपेक्षा 4,500 ने कमी आहे. म्हणून शोध फक्त अशा चुकीचा करायचा, जिच्यामुळे एखाद्या खात्यात 4,500 नावे कमी पडले किंवा 4,500 जमा जास्त पडले. विरुद्ध दिशेच्या चुका, म्हणजे जास्तीचे नावे किंवा कमी पडलेले जमा, एकटीने हा फरक भरून काढू शकत नाहीत. दिशा ठरली की अर्धे काम हलके होते.

रकमेवरूनही सुगावा लागतो. शेजारचे दोन अंक उलटे पडल्याने जो फरक येतो त्याला 9 ने निःशेष भाग जातो, आणि 4,500 ला तो जातो. म्हणून ज्या नोंदींमध्ये अंक उलटे वाचले जाण्याची शक्यता आहे त्या आधी पाहाव्यात. दुसरी शक्यता म्हणजे रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली जाणे. तशी चूक झाली की फरक दुप्पट होतो, त्यामुळे 4,500 च्या निम्मे, म्हणजे 2,250 रुपयांची, नावे पडायला हवी असताना जमा पडलेली नोंद शोधावी. तरीही काही सापडले नाही, तर जोडीदार एकच नसण्याची शक्यता लक्षात घ्यावी. 3,000 आणि 1,500 अशा दोन लहान चुकांनी मिळूनही 4,500 ची भरपाई केलेली असू शकते. 9 चा कस सुगावा देतो, पुरावा देत नाही. बेरजेतल्या साध्या चुकीचा फरकही योगायोगाने 9 च्या पटीत येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या उदाहरणात खर्चाच्या खात्यांची कीर्दीशी पडताळणी करताना दिसले की कंप्रेसरच्या दुरुस्तीचे 7,200 रुपये रोख दिले गेले, कीर्दीत ते बरोबर लिहिले, पण दुरुस्ती खात्यात 2,700 नावे पडले. फरक 4,500, दिशा बरोबर, आणि अंकही उलटे. म्हणून दुसरी नोंद:

दुरुस्ती खाते नावे 4,500
  सस्पेन्स खात्याला 4,500
(कंप्रेसर दुरुस्तीचे 7,200 असताना खतावणीत 2,700 पडले होते, ते दुरुस्त केले.)

सस्पेन्स खाते शून्यावर आले. दोन्ही चुका एकाच वेळी हाती आल्या असत्या, तर सस्पेन्स खात्याविना दुरुस्ती खाते नावे 4,500 आणि ग्राहकाचे खाते जमा 4,500 अशी एकच नोंद करता आली असती, आणि परीक्षेत ती बरोबरच धरली जाते. प्रत्यक्ष वह्यांमध्ये मात्र मी ती टाळतो. सहा महिन्यांनी ती नोंद वाचणाऱ्याला वाटेल की हालोलच्या ग्राहकाने आपला कंप्रेसर दुरुस्त करून दिला, आणि त्याच्याकडून तसे बिल मागितले जाईल. दोन स्वतंत्र नोंदींमध्ये प्रत्येक चुकीचे कारण तिच्या स्वतःच्या स्पष्टीकरणात राहते.

आता भरपाई झालेल्या चुका सोडून दिल्याने काय बिघडते ते पाहा. येथे एक चूक ग्राहकाच्या खात्यात होती आणि दुसरी खर्चाच्या खात्यात. तेरजेच्या दृष्टीने दोघींनी एकमेकींची भरपाई केली, पण नफ्याच्या दृष्टीने केली नाही: खर्च 4,500 ने कमी दिसला म्हणून नफा 4,500 ने जास्त दिसला, आणि ताळेबंदात येणे 4,500 ने जास्त दिसले. याउलट खरेदी पुस्तक आणि विक्री पुस्तक या दोन्हींच्या बेरजा 5,000 ने जास्त धरल्या गेल्या असत्या, तर नफा बदलला नसता, तरी खरेदी व विक्री दोन्ही फुगलेली राहिली असती आणि एकूण नफ्याचे विक्रीशी प्रमाण चुकले असते. अशा वेळी विक्री खाते नावे 5,000 आणि खरेदी खाते जमा 5,000 अशी नोंद करावीच लागते. भरपाई फक्त बेरजेची होते, आणि ती नेमकी कोणत्या खात्यांमध्ये झाली यावर नुकसान ठरते.

मघाच्या मोहाचाही हिशोब येथे करून पाहू. विक्री खाते नावे टाकून ग्राहकाचे खाते सुधारले असते, तर विक्री 4,500 ने कमी आणि दुरुस्तीचा खर्चही 4,500 ने कमी राहिला असता, म्हणजे निव्वळ नफा योगायोगाने बरोबर आला असता. म्हणून केवळ नफ्याचा आकडा पाहून दुरुस्ती योग्य झाली असे मानता येत नाही.

सर्व नोंदी झाल्यावर मी नफा आणि ताळेबंद यांचा ताळा घेतो. नफ्यात मजुरी व गाडीभाड्याचे 24,000 वाढले, त्यावरच्या घसाऱ्याचे 1,200 कमी झाले, लेथच्या दुरुस्तीचे 9,000 कमी झाले, त्यावरचा घसारा 675 परत आला आणि कंप्रेसरचे 4,500 कमी झाले. निव्वळ वाढ 9,975 रुपये, म्हणजे सुधारित नफा 4,19,975 रुपये. ताळेबंदात यंत्रसामग्री 24,000 वजा 1,200 वजा 9,000 अधिक 675, म्हणजे 14,475 रुपयांनी वाढली आणि येणे 4,500 ने कमी झाले. मालमत्तेतली निव्वळ वाढ पुन्हा 9,975. हे दोन आकडे वेगळे आले, तर एखादी नोंद अर्धी राहिली आहे किंवा सस्पेन्स खाते बंद झालेले नाही असे समजावे.

याच चुका वर्ष बंद झाल्यानंतर, म्हणजे मजुरी, गाडीभाडे, दुरुस्ती आणि घसारा ही खाती नफा-तोटा खात्यात वर्ग होऊन संपल्यानंतर सापडल्या, तर त्या खात्यांना नावे-जमा करून उपयोग नाही, कारण ती रक्कम नव्या वर्षाच्या खर्चात मिसळेल. तेव्हा त्या प्रत्येक खात्याच्या जागी नफा-तोटा समायोजन खाते घ्यावे. यंत्रसामग्री, ग्राहक आणि सस्पेन्स ही खाती पुढच्या वर्षात चालू राहतात, म्हणून ती आहेत तशीच राहतील. समायोजन खात्यावर 9,975 रुपयांची जमा शिल्लक येईल, ती मालकाच्या भांडवल खात्यात वर्ग करावी. नव्या वर्षाचा घसारा सुधारलेल्या किमतीवर वेगळा आकारावा. कंपनी असेल तर रीत बदलते: लेखा मानक 5 लागू असेल तर मागील काळातली बाब चालू वर्षाच्या नफा-तोटा विवरणात स्वतंत्रपणे दाखवावी लागते, आणि भारतीय लेखा मानक 8 लागू असेल तर चूक महत्त्वाची असल्यास मागील वर्षाचे आकडेच सुधारून मांडावे लागतात. प्राप्तिकराचे विवरणपत्र आधीच दाखल झाले असेल तर ते सुधारायचे का, हे मुदत आणि रक्कम पाहून सल्लागाराबरोबर ठरवावे.

सॉफ्टवेअरबद्दलही सांगतो, कारण मकरपुऱ्यातली बहुतेक वर्कशॉप आता त्याच्याकडे वळली आहेत. टॅलीसारख्या प्रणालीत नावे आणि जमा सारखे असल्याशिवाय व्हाउचर स्वीकारले जात नाही, त्यामुळे ग्राहकाच्या खात्यात 16,100 आणि विक्रीत 11,600 अशी खतावणीची एकतर्फी चूक तेथे सहसा होत नाही. अशी चूक मुख्यतः जुन्या वह्यांतून आरंभीच्या शिल्लकी हाताने भरताना होते, आणि दोन चुकलेल्या शिल्लकींनी एकमेकींची भरपाई केली तर फरक दिसतही नाही. म्हणून प्रणाली बदलली त्या वर्षाची आरंभीची यादी जुन्या ताळेबंदाशी खातेनिहाय जुळवावी. तत्त्वाच्या चुकीला मात्र सॉफ्टवेअर अजिबात अडवत नाही. यंत्र बसवण्याचा खर्च मजुरीत टाकला तर तो निमूटपणे स्वीकारला जातो, आणि एखादे यंत्राचे खातेच चुकून खर्चाच्या गटात उघडले गेले तर त्यातली प्रत्येक नोंद नफ्यात जाते. ही चूक नोंदीने सुधारत नाही, खात्याचा गट बदलावा लागतो.

जुने व्हाउचर उघडून आकडा बदलण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. जीएसटीच्या नियमांनुसार नोंदवह्यांतली नोंद खोडता किंवा गिरवता येत नाही, आणि संगणकावर ठेवलेल्या हिशोबात बदललेल्या व काढून टाकलेल्या नोंदींचा मागोवा ठेवावा लागतो. दुरुस्तीची नोंद चूक सापडल्याच्या तारखेला करावी, स्पष्टीकरणात मूळ नोंदीची तारीख आणि पान लिहावे, आणि हालोलच्या ग्राहकाचे पत्र किंवा कंप्रेसरचे बिल यांसारखा पुरावा त्या व्हाउचरला जोडून ठेवावा.

तुमच्या यादीतल्या चुका आता एकेक घ्या आणि प्रत्येकीपुढे ती एकटीने तेरीज बिघडवते का, एवढेच लिहा. ज्यांच्यापुढे «बिघडवते» असे येईल, त्यांच्या फरकांची दिशेसह बेरीज शून्य यायला हवी. शून्य आली नाही, तर उरलेल्या रकमेइतकी चूक अजून सापडायची आहे, आणि तोपर्यंत अंतिम खात्यांवर मालकाची सही घेऊ नका.